जॉइनिंगची तारीख हलती असेल, तर तिकीट कुठलं काढावं?

*माझा धाकटा भाऊ पाइप फिटर आहे. सौदीत जुबैलच्या एका प्लँटवर चार महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर त्याची निवड झाली आहे. एजन्सी म्हणते, 12 तारखेला निघायचं धरून चाला, पण आठवडा-दहा दिवस पुढे जाऊ शकतं. तिकीट आपण काढायचं, पैसे कंपनी पहिल्या पगारात देणार. मोबाइलवर बघितलं तर मुंबई-दम्माम एकाच विमानाचे तीन-तीन दर दिसतात. आमच्या वाडीतल्या एका मुलाचं स्वस्तातलं तिकीट तारीख पुढे गेल्यामुळे पाण्यात गेलं, म्हणून धास्ती वाटते. कुठलं काढू? आणि परतीचं आत्ताच काढून ठेवू का?*

*— एक बहीण, खेड, जि. रत्नागिरी*

ताई, दर बघण्याआधी भावाचं कॉन्ट्रॅक्ट उघडा आणि जाण्या-येण्याच्या प्रवासखर्चाचं कलम शोधा. आखाती देशांत नोंदणीकृत एजन्सीमार्फत जाणाऱ्या कामगारांचं जाण्याचं तिकीट बहुतेक वेळा कंपनीच काढते. कंपनीने काढलं की तारीख हलल्याचा भुर्दंडही तिचाच. तुमच्या बाबतीत 'आधी तुम्ही भरा, मग आम्ही देतो' असं ठरलं असेल, तर एजन्सीकडून दोन ओळींचा ईमेल मागून घ्या: तिकिटाचे किती रुपयांपर्यंत परत मिळणार आणि कंपनीमुळे तारीख बदलली तर बदलाची फी कोण देणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'कंपनी' असं लेखी आलं, तर तुमची निम्मी काळजी तिथेच मिटली. तोंडी आश्वासन धरू नका. पगाराच्या वेळी हिशेब बघणारा माणूस दम्मामच्या ऑफिसात बसलेला असतो आणि तुमच्याशी फोनवर बोलणारा मुंबईत.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. त्यावर ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', असं छापलेलं आहे का, ते बघा. असेल तर सौदीत नोकरीसाठी जाताना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो आणि तो नसेल तर हातात तिकीट, व्हिसा सगळं असूनही मुंबई विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवरून माणूस परत फिरतो. त्या दिवशी विमान गेलं की तिकीट 'नो-शो' होतं आणि स्वस्त दराच्या तिकिटात मग जवळजवळ काहीच उरत नाही. तारीख पुढे जाते ती बऱ्याचदा प्लँटमुळे नाही, तर या कागदांमुळे. व्हिसासाठी पासपोर्ट गेलेला आहे, आज येईल उद्या येईल असं चाललेलं असतं आणि इकडे घरच्यांनी तिकीट काढून ठेवलेलं असतं. म्हणून व्हिसा होऊन पासपोर्ट परत हातात आणि लागत असेल तर क्लिअरन्स झालेला, या दोन गोष्टींच्या आधी पैसे भरू नका. दर कितीही चांगला दिसला तरी.

एवढं झालं की उरते फक्त प्लँटची अनिश्चितता. शटडाऊनच्या, म्हणजे प्लँट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या कामांत माणसं टप्प्याटप्प्याने बोलावतात. आधीचा टप्पा रेंगाळला, गेट पास अडकले, कॅम्पमध्ये खोल्या मोकळ्या झाल्या नाहीत, की पुढच्या तुकडीची तारीख सरकते. ही तारीख सहसा पुढेच जाते, अलीकडे क्वचित येते. हे ध्यानात ठेवा, खालच्या हिशेबात लागणार आहे.

आता ते तीन दर. विमान एक, सीट तीच, जेवण कदाचित तेच. फरक असतो तो तिकिटासोबत येणाऱ्या अटींत. प्रत्येक विमान कंपनीची नावं वेगळी: कुठे लाइट, व्हॅल्यू, फ्लेक्स, कुठे सेव्हर आणि फ्लेक्स, कुठे क्लासिक. नावावर जाऊ नका. एका कंपनीचं मधलं तिकीट दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त तिकिटापेक्षा जाचक असू शकतं. बघायच्या गोष्टी तीनच: सुटण्याआधी तारीख बदलायची फी, नो-शो झाल्यास काय, आणि सामान किती किलो.

आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. तारीख बदलताना दोन वेगळे आकडे भरावे लागतात. एक बदलाची फी. दुसरा दरातला फरक. तुम्ही 12 तारखेचं तिकीट घेतलं तेव्हा जो दर होता आणि 19 तारखेचा आज जो दर आहे, त्यातला फरक तुम्हाला भरावा लागतो. 'फ्री डेट चेंज' असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ फी माफ. फरक माफ नाही. विमानातल्या सीटा एकाच दराने विकल्या जात नाहीत. स्वस्त दराच्या थोड्या, त्याहून महाग थोड्या, अशा कप्प्यांत त्या वाटलेल्या असतात आणि प्रत्येक कप्प्याला इंग्रजी अक्षर असतं. खालचे कप्पे आधी संपतात. तुम्ही आदल्या दिवशी तारीख बदलायला गेलात तर नव्या तारखेलाही दोन-चार दिवसच उरलेले असतात, तिथले स्वस्त कप्पे रिकामे झालेले असतात, आणि फी शून्य असूनही तीन-चार हजार निघून जातात. उलट नवी तारीख स्वस्त निघाली, तर उरलेला फरक परत मिळेलच असं नाही. स्वस्त दरांत तो बहुधा बुडतोच.

गोल आकडे घेऊन हिशेब मांडू या. तुमच्या स्क्रीनवर आकडे वेगळे असतील, रीत हीच. समजा लाइट 14,000 रुपयांना आहे आणि बदलाची फी 5,000. व्हॅल्यू 16,500 ला, फी 2,500. फ्लेक्स 20,000 ला, फी शून्य. 12 तारखेचं तिकीट काढलं आणि तारीख हललीच नाही, तर अर्थातच लाइट जिंकलं. आता तारीख एकदा हलली, 12 ची 19 झाली, आणि 19 चा दर तिन्ही प्रकारांत 3,000 नी चढा आहे. लाइटवाल्याचे एकूण जातात 14,000 अधिक 5,000 अधिक 3,000, म्हणजे 22,000. व्हॅल्यूवाल्याचे 16,500 अधिक 2,500 अधिक 3,000, तेही 22,000. फ्लेक्सवाल्याचे 23,000. म्हणजे एकदा तारीख हलूनही सगळ्यात महाग पडलं ते फ्लेक्सच! तारीख दुसऱ्यांदा हलली, 19 ची 24 झाली आणि यावेळी दरात फरक नाही असं धरलं, तर लाइट 27,000 वर जातं, व्हॅल्यू 24,500 वर, आणि फ्लेक्स 23,000 वरच थांबतं.

या हिशेबाची चावी सोपी आहे. महागड्या तिकिटासाठी जे जास्तीचे पैसे भरता, त्यांना प्रत्येक बदलामागे वाचणाऱ्या फीने भागा. लाइटवरून व्हॅल्यूवर जायला 2,500 जास्त, दर बदलाला वाचतात 2,500. उत्तर 1. म्हणजे एक बदल होणारच असं वाटत असेल तर दोन्ही सारखे, दुसऱ्याची शक्यता असेल तर व्हॅल्यू. व्हॅल्यूवरून फ्लेक्सवर जायला 3,500 जास्त, वाचतात 2,500. उत्तर 1.4. म्हणजे दोन वेळा तारीख हलेल अशी भीती असेल तरच फ्लेक्स. मोबाइलवर तिन्ही दरांच्या खाली फी दिलेली असते, तिथूनच आकडे उचलून हा भागाकार करा. फी दर प्रवाशामागे आणि दर बदलामागे असते, हे लक्षात असू द्या. भावासोबत वाडीतला आणखी कोणी जात असेल आणि दोघांचं एकत्र काढलं असेल, तर फी दुप्पट. शिवाय एकाचीच तारीख हलली तर आधी पीएनआर वेगळा करून घ्यावा लागतो. दोघांची तुकडी एक आहे याची खात्री नसेल तर तिकिटंही वेगवेगळीच काढा.

आता त्या भागाकारात न दिसणारा चौथा पर्याय: थांबणं. मुंबई-दम्मामसारख्या मार्गावर, गर्दीचा काळ नसेल, तर निघण्याच्या तीन-चार दिवस आधी तिकीट घेतल्यास समजा 21,000 पडतात. ते वरच्या उदाहरणातल्या कुठल्याही 'एकदा बदललेल्या' तिकिटापेक्षा कमी आहेत. लवकर तिकीट काढून वाचवलेले पैसे तारीख बदलताना परत जाणार असतील, तर लवकर काढण्याची घाई कशासाठी? कॉन्ट्रॅक्टवर जाणाऱ्या माणसासाठी लवकर बुकिंगचा सल्ला निम्म्या वेळा चुकीचाच असतो. तो सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी आहे, ज्यांची तारीख त्यांच्या हातात असते.

थांबणं अंगाशी येतं ते गर्दीच्या काळात. आखातातली शाळेची उन्हाळी सुट्टी संपताना, म्हणजे ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरची सुरुवात, भारतातून तिकडे परतणाऱ्या कुटुंबांनी विमानं भरलेली असतात. ईदच्या सुट्टीनंतर कामावर परतणाऱ्यांचीही तशीच रांग. या दिवसांत चार दिवस आधीचं तिकीट दीडपट-दुप्पट होऊ शकतं, आणि तेव्हा मधलं किंवा फ्लेक्स तिकीट आधीच घेऊन ठेवणं शहाणपणाचं. पण त्याच काळात 12 ची 19 करतानाही दरातला फरक मोठा येईल, हेही धरा. म्हणून गर्दीच्या काळात 12 चं तिकीट काढण्याऐवजी एजन्सीला विचारा की तुमच्या अनुभवाने ही तुकडी खरी कधी जाईल, आणि त्याच तारखेचं काढा. तारीख पुढेच जाते, म्हणून थोडी पुढची तारीख धरलेली बरी. ती अलीकडे आणायची वेळ आली तर फी तेवढीच लागते.

थांबण्याच्या आणि काढण्याच्या मधलाही एक मार्ग आहे, तो चिपळूण-रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या चांगल्या तिकीट एजंटकडे मिळतो. एजंट सिस्टीमवर सीट बुक करून पीएनआर तयार करू शकतो आणि तिकीट लगेच 'इश्यू' न करता ठेवू शकतो. त्याला टाइम लिमिट असतं: कधी काही तास, कधी दोन-तीन दिवस, विमान जवळ आलं की आणखी कमी. त्या वेळेत पैसे भरले नाहीत तर सीट आपोआप सुटते, दंड नाही. सगळ्या कंपन्यांत हे चालत नाही. स्वस्त विमान कंपन्यांत बहुधा लगेच पैसे लागतात, काही ठिकाणी थोडी फी घेऊन दर धरून ठेवतात. एजन्सीचा 'उद्या सकाळी कन्फर्म करतो' असा फोन आला असेल तेव्हा या एका रात्रीच्या मुदतीची किंमत कळते.

त्याच एजंटला आणखी एक विचारा: लेबर फेअर आहे का? आखाती मार्गांवर काही विमान कंपन्या नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यांसाठी एजंटांमार्फत वेगळे दर देतात. त्यात सामान बऱ्याचदा जास्त असतं. हे दर मोबाइल ॲपवर दिसत नाहीत आणि त्यासाठी व्हिसाची प्रत द्यावी लागते. तारीख बदलण्याच्या अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, म्हणून 'लेबर फेअर आहे' एवढ्यावर खूश न होता त्याचीही फी विचारा. घरात कोणी जहाजावर असेल तर मरीन फेअरबद्दल ऐकलं असेल. ते दर जास्त लवचिक असतात, पण ते सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदणी-पुस्तक, आणि शिपिंग कंपनीचं पत्र असलेल्या खलाशांसाठीच. तुमच्या भावाला ते लागू नाहीत. कोणी 'करून देतो' म्हणालं तर नको म्हणा, काउंटरवर कागद मागितले की अडचण तुमच्या भावाची होईल.

एजंटकडून काढा किंवा ॲपवरून, पैसे भरण्याआधी फेअर रूल, म्हणजे त्या दराच्या अटी, वाचा. एजंटच्या स्क्रीनवर तो साधारण असा दिसतो:

```
CHANGES
  BEFORE DEPARTURE
    CHARGE INR 2500 FOR REISSUE/REVALIDATION.
  NO-SHOW
    CHANGES NOT PERMITTED.
CANCELLATIONS
  BEFORE DEPARTURE
    CHARGE INR 6000 FOR CANCEL/REFUND.
```

पहिल्या तीन ओळी म्हणजे विमान सुटण्याआधी तारीख बदलायला 2,500 रुपये. पुढच्या दोन ओळी महत्त्वाच्या. विमानाची वेळ टळून गेली आणि तुम्ही काहीच केलं नाही, तर बदल करता येणार नाही. तुमच्या वाडीतल्या मुलाचं बहुधा हेच झालं असावं. तारीख हलली म्हणून तिकीट बुडत नाही. ती हलल्याचं विमान कंपनीला वेळेत कळवलं नाही म्हणून बुडतं. काही नियमांत `CHANGES NOT PERMITTED` ऐवजी नो-शोची वेगळी रक्कम लिहिलेली असते, मग ती बदलाच्या फीवर आणखी भरावी लागते. आणि 'सुटण्याआधी' म्हणजे शेवटच्या मिनिटापर्यंत नव्हे. प्रत्येक कंपनीची एक हद्द असते, कुठे काही तास, कुठे पूर्ण एक दिवस, आणि तिकीट विकणाऱ्या पोर्टलवरून काढलं असेल तर पोर्टल त्याहून आधीच बदलाचा दरवाजा बंद करतं. काही कंपन्यांत शेवटच्या तीन-चार दिवसांत फीसुद्धा वाढते. ही हद्द तिकीट काढल्या दिवशीच घड्याळी वेळेत लिहून ठेवा: 'शुक्रवारी रात्री 9 च्या आत'. म्हणजे गुरुवारपासून एजन्सीच्या मागे लागता येईल.

मग प्रश्न येतो: हद्द जवळ आली, 12 ला जाणं होणार नाही हे नक्की, पण नवी तारीख अजून कळलेली नाही. काय करायचं? तिकीट तसंच सोडू नका. त्यापेक्षा ते दूरच्या, स्वस्त दिसणाऱ्या तारखेवर ढकलून ठेवा, महिनाभर पुढेही चालेल. खरी तारीख कळली की पुन्हा बदला. फ्लेक्समध्ये याला फी लागत नाही, मधल्या दरात दोनदा लागते, लाइटमध्ये मात्र दोनदा पाच-पाच हजार भरण्यात अर्थ नाही. तिथे तिकीट रद्द करून जे मिळेल ते घेणं आणि नवीन काढणं स्वस्त पडू शकतं. रद्द केल्यावर काय मिळेल याचा एक नियम लक्षात ठेवा: 'नॉन-रिफंडेबल' तिकीट असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यावीच लागतात, नो-शो झालं तरीही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा हा नियम आहे. 14,000 च्या तिकिटात असे 2,000-3,000 असू शकतात. ते आपोआप येतील म्हणून बसू नका, मागावे लागतात. तिकीट ढकलताना व्हिसावर लिहिलेली प्रवेशाची शेवटची तारीख मात्र समोर ठेवा, त्यापलीकडचं तिकीट काय कामाचं? आणि न वापरलेलं तिकीट साधारणपणे पहिल्यांदा काढल्यापासून वर्षभरच जिवंत असतं, तारीख बदलली म्हणून ते वर्ष नव्याने मोजलं जात नाही.

फी भरण्याआधी एकदा विमान कंपनीने स्वतःहून वेळ बदलली आहे का, तेही ईमेलमध्ये शोधा. विमानाची वेळ बरीच मागेपुढे झाली असेल किंवा ते रद्द झालं असेल, तर तारीख बहुतेक ठिकाणी फुकट बदलून मिळते किंवा पैसे परत मिळतात. अशी सूचना आलेली असताना घाईने स्वतः फी भरून बदल केला, तर ते पैसे परत मिळवणं कठीण.

बदल झाल्यावर एक काम विसरू नका. एजंट काही वेळा पीएनआरमध्ये नवी तारीख टाकतो, पण तिकीट 'री-इश्यू' करायचं राहतं किंवा तो संध्याकाळवर ढकलतो. बुकिंग 19 चं, तिकीट 12 चंच. व्हॉट्सॲपवर आलेल्या कागदावर 19 दिसतं म्हणून घरचे निश्चिंत, आणि दोन दिवसांनी विमान कंपनीची सिस्टीम ते बुकिंग उडवते, कारण तिच्या लेखी त्याचे पैसे भरलेले नाहीत. ओळखायचं कसं? नवी ई-तिकिटाची पावती मागा. तिच्यावर 13 आकडी तिकीट नंबर असतो, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. री-इश्यू झालेल्या तिकिटाचा नंबर जुन्यापेक्षा वेगळा येतो आणि पावतीवर नवी तारीख, भरलेली फी दिसते. काही बदलांत नंबर तोच ठेवून फक्त तारीख बदलतात, वरच्या नियमात `REVALIDATION` म्हणतात ते हेच. म्हणून नंबर तोच दिसला तर लगेच घाबरू नका, विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून तिकिटाची तारीख बघा, नाहीतर त्यांच्या कॉल सेंटरला 'तिकीट नव्या तारखेला जोडलेलं आहे ना?' असं थेट विचारा. स्वस्त विमान कंपन्यांत सहसा वेगळा तिकीट नंबर नसतो, तिथे पीएनआरवर नवी तारीख आणि 'कन्फर्म्ड' दिसलं की झालं. या पावत्या जपून ठेवा: मूळ तिकिटाची एक, फी आणि फरकाची दुसरी. कंपनीकडून पैसे मागताना दोन्ही लागतील.

कुठून काढायचं? पोर्टलवर दर शंभर-दोनशेने कमी दिसतो, पण तारीख बदलताना विमान कंपनीच्या फीवर पोर्टलची स्वतःची फी बसते आणि सुरुवातीला घेतलेली कन्व्हिनियन्स फी कधीच परत येत नाही. पोर्टल बाजूला एक 'फ्री कॅन्सलेशन'ची चौकट दाखवतं, पाच-सातशे रुपयांची. ती घेण्याआधी तिच्या अटी उघडा. ती बहुधा रद्द करण्यासाठी असते, तारीख बदलण्यासाठी नाही, आणि तिलाही विमानाच्या काही तास आधीची हद्द असते. प्रवास विम्यावरही भरवसा ठेवू नका. आजारपण, मृत्यू अशा ठरावीक कारणांसाठी तो पैसे देतो. मालकाने जॉइनिंग पुढे ढकललं हे कारण त्यात सहसा नसतं. तुमच्यासारख्या हलत्या तारखेला विमान कंपनीची स्वतःची साइट किंवा फोन उचलणारा ओळखीचा एजंट, हे दोनच बरे.

सामानाचं थोडक्यात. पाइप फिटर चार महिन्यांसाठी जाणार म्हणजे कपडे, मसाले, लोणचं, कदाचित स्वतःची थोडी हत्यारं. लाइटमध्ये चेक-इन सामान कमी किंवा नसतंच, आणि 10 किलो वेगळं घ्यायला दोन-तीन हजार लागले की लाइट आणि व्हॅल्यूमधला फरक तिथेच संपतो. म्हणून भागाकार करण्याआधी तिन्ही दरांत सारखंच सामान धरून आकडे मांडा. हत्यारं हँडबॅगेत चालत नाहीत, चेक-इनमध्येच ठेवावी लागतात.

परतीचं आत्ता काढू नका. नोकरीच्या व्हिसावर जाताना परतीचं तिकीट साधारणपणे मागत नाहीत, आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये ते कंपनीच्या गळ्यात असण्याची शक्यता मोठी. जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट स्वस्त दिसतं खरं, पण त्यात तारखा हलवणं जास्त अडचणीचं. जाण्याआधी पहिली तारीख बदलली तर अख्ख्या प्रवासाचा दर आजच्या भावाने पुन्हा मोजला जाऊ शकतो, म्हणजे चार महिन्यांनंतरच्या परतीलाही भाववाढ लागते. जाताना एक दर आणि येताना दुसरा जोडलेला असेल तर बऱ्याचदा दोन्हींतली कडक अट सगळ्यालाच लागू होते. आणि जाण्याचा भाग नो-शो झाला की बऱ्याच कंपन्यांत परतीचाही आपोआप रद्द होतो. चार महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट तीनात संपतं किंवा साडेपाचावर जातं, तेव्हा त्या तारखेवर आज पैसे लावायला कुठलाच आधार नाही. एजन्सीने परतीचा आग्रह धरलाच, तर त्यांना म्हणावं, परतीचं तिकीट तुम्ही काढा.

तर तुमच्या बाबतीत असं करा. व्हिसा होऊन पासपोर्ट परत येईपर्यंत आणि लागत असल्यास क्लिअरन्स होईपर्यंत तिकीट नाही. त्यानंतर एजन्सीकडून निघण्याची तारीख ईमेलवर येईल, तेव्हा एजंटकडून सीट धरून ठेवा. काळ गर्दीचा नसेल तर पैसे निघण्याच्या चार-पाच दिवस आधीच भरा. गर्दीचा असेल तर आठ-दहा दिवस आधी मधल्या दराचं एकेरी तिकीट, सामानासह. फ्लेक्स फक्त तेव्हाच, जेव्हा एजन्सीने एकदा तारीख बदलून झाली आहे आणि अजूनही ती 'बघतो' म्हणते आहे. खेडहून मुंबईची एसटी किंवा रेल्वे मात्र अगदी शेवटी, विमानाचं तिकीट हातात आल्यावर. आणि पोचण्याची वेळ विमानाच्या आधी किमान सहा-सात तास असेल अशी ठेवा. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा कोकण रेल्वे उशिरा धावली, तर त्या नो-शोचा भुर्दंड कंपनीकडे मागता येणार नाही.